चव्वेचाळिशीत इक्विटी किती, डेट किती: आमच्या घरचा हिशोब

माझं वय ४४, नवऱ्याचं ४६, मुलगी दहावीत, मुलगा चौथीत. ह्या वयात इक्विटी, म्हणजे शेअर बाजारातला पैसा, किती ठेवायची आणि डेट, म्हणजे एफडी-पीएफसारखा व्याजावरचा पैसा, किती असं कुणालाही विचारलं की पहिलं उत्तर येतं, शंभरातून वय वजा कर. म्हणजे माझी ५६% इक्विटी. आता एनपीएस ह्या सरकारी पेन्शन योजनेतला मॉडरेट लाइफसायकल फंड बघा, एलसी ५०. त्यात पस्तिशीपर्यंत ५०% इक्विटी असते आणि मग दरवर्षी २% कमी होत जाते, म्हणजे चव्वेचाळीसला ३२%. वय तेच, पण एकीकडे ५६ आणि दुसरीकडे ३२. एवढी तफावत असेल तर नुसत्या वयावरून काही कळत नाही हे उघड आहे, कारण ह्या दोन्ही सूत्रांना माझी मुलं माहीत नाहीत, तिला कॉलेजला कधी पैसे लागणार आणि त्याला कधी, हे माहीत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हे एकदाचं नीट मांडून बसलो. निमित्त मुलीच्या क्लासचं. कर्वे रोडच्या एका क्लासमधे अकरावी-बारावी दोन वर्षांची फी विचारली तर दोन लाख साठ हजार सांगितली, आणि तिथून घरी येताना नवरा म्हणाला की ही तर फक्त कॉलेजच्या आधीची फी आहे, तू सगळे पैसे शेअर मार्केटमधे टाकून ठेवलेयस, हिच्या ॲडमिशनच्या वर्षी मार्केट पडलं तर काय करायचं?

त्याला "सगळे पैसे मार्केटमधे" असं का वाटत होतं तर मोबाईलवरच्या ॲपमुळे. त्या ॲपमधे आमचे म्युच्युअल फंड २६ लाख दिसतात आणि मी हाताने भरलेल्या एफडी ११ लाख. झालं, ७०:३०. पण पीएफ तिथे दिसत नाही, पीपीएफ दिसत नाही, सुकन्या दिसत नाही. म्हणून कागदावर सगळं लिहून काढलं. माझा पीएफ ३१ लाख (चाकणला एकाच कंपनीत परचेसला आहे, मधे कधी पैसे काढले नाहीत), नवऱ्याचा ६ लाख, कारण तो शिकवतो आणि बरीच वर्षं कंत्राटी होता. पीपीएफ १४ लाख, मुलीची सुकन्या ९ लाख. मग एफडी ११ आणि फंड २६. एकूण ९७ लाख, त्यात इक्विटी २६. म्हणजे २७%! ॲपवर सत्तर आणि कागदावर सत्तावीस. राहता फ्लॅट मी धरला नाही, तो विकून आम्ही रस्त्यावर थोडेच राहणार आहोत. होम लोन अजून १४ लाख आहे, त्याच्याकडे नंतर येते.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. मला मात्र उलटी काळजी वाटायला लागली, कारण माझ्या हातात नोकरीची चौदा वर्षं आहेत, त्यापुढे पंचवीस-तीस वर्षं जगायचंय आणि पाऊणपट पैसा ८% च्या आतबाहेर बसलाय. म्हणजे आम्हा दोघांचीही भीती खरी होती, फक्त ती वेगवेगळ्या पैशांबद्दल होती. त्याला तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशाची भीती होती आणि मला वीस वर्षांनी लागणाऱ्या. एकच टक्केवारी काढायला गेलो असतो तर कुणाचंच समाधान झालं नसतं, मधला कुठलातरी आकडा धरून दोघं धुसफुसत बसलो असतो.

माझा एक मामा बँकेतून रिटायर झालाय, सदाशिव पेठेत राहतो, त्याच्याकडे कागद घेऊन गेलो. त्याने टक्केवारी बघितलीच नाही. म्हणाला, "अगं, आधी प्रत्येक रकमेपुढे वर्ष लिही, हे पैसे कधी लागणार ते, आणि एकाच रकमेपुढे दोन वर्षं लिहू नकोस." हे ऐकायला सोपं वाटतं पण खरी गंमत इथेच झाली.

मुलीपासून सुरुवात केली. ती २०२८ च्या जून-जुलैमधे कॉलेजला जाणार. इंजिनिअरिंगला पुण्यातच खासगी कॉलेज धरलं, फी आणि बाकीचं सगळं मिळून आजच्या भावाने चार वर्षांचे १२ लाख, आणि भाव वाढतील म्हणून १५ लाख. हा माझा अंदाज आहे, तुमचा वेगळा असेल. सुकन्या योजनेत मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या ५०% पर्यंत काढता येतात, कॉलेजचं ॲडमिशनचं किंवा फीचं पत्र द्यावं लागतं. सध्या व्याज ८.२% आहे, आमचा वर्षाचा साठ हजार भरणा चालू आहे, म्हणजे २०२८ ला साधारण बारा लाख होतील आणि त्यातले सहा हातात येतील. बाकीचे खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी, आमच्या बाबतीत २०३६ ला, तिचे तिला. राहिले नऊ लाख. नवरा लगेच म्हणाला, एफडी आहेत की ११ लाखांच्या, झालं काम.

मामाने विचारलं, "मग उद्या नोकरी गेली तर?"

तर तेही एफडीतूनच, असं आमच्या डोक्यात होतं. म्हणजे तेच ११ लाख एकदा मुलीच्या नावावर आणि एकदा अडीअडचणीच्या नावावर. घरखर्च आणि २२ हजारांचा हप्ता धरून महिन्याला ८०-८५ हजार लागतात, सहा महिन्यांचे पाच लाख बाजूला ठेवायचे तर मुलीसाठी उरतात सहा. म्हणजे तीन लाख कमी. तीस महिने, महिना दहा हजार, रिकरिंग डिपॉझिट. माझी तीस हजारांची एसआयपी चालू होती, त्यातलेच दहा हजार इकडे वळवायचे ठरले. (क्लासचे २.६ लाख ह्या वर्षीच्या बोनसमधून, त्याला पर्याय नाही.)

रिकरिंगच का, डेट फंड का नाही, असं मी विचारलं, कारण ऑफिसात सगळे सांगतात डेट फंडाला टॅक्स कमी. ते आता जुनं झालं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर आपल्या स्लॅबनेच टॅक्स लागतो, कितीही वर्षं ठेवा. विकेपर्यंत टॅक्स पुढे ढकलला जातो एवढाच फायदा, तो अडीच वर्षांत फारसा नाही. आणि नवऱ्याला आरडी कळते, रात्री झोप लागते, त्यालाही किंमत आहेच.

एफडीबद्दल एक. आमच्या ११ पैकी तीन लाख एका सहकारी बँकेत आहेत, अर्धा टक्का जास्त देते म्हणून. मामा म्हणाला ठेव, पण व्याजासकट पाच लाखांच्या वर जाऊ देऊ नकोस, विमा तेवढाच असतो, प्रत्येक बँकेत प्रत्येक माणसामागे. पुणेकरांना हे सांगायला लागू नये खरंतर. रुपी बँकेवर २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला लायसन्सच रद्द झालं, मधली नऊ वर्षं पैसे अडकलेली माणसं प्रत्येक पेठेत होती. डेट म्हणजे सेफ असं आपण सरसकट म्हणतो, पण कुठलं डेट हे बघायला लागतंच.

मग मुलगा. तो कॉलेजला जाणार २०३४ ला. तेच १२ लाख, वर्षाला ८% वाढ धरली तर साडेआठ वर्षांनी २३ लाख. इथे मी म्हणत होते की साडेआठ वर्षं आहेत, इक्विटीत टाकू, शेवटची तीन वर्षं राहिली की हळूहळू काढू. पुस्तकी उत्तर हेच आहे आणि ते चुकीचं नाही. पण मामाने बोट ठेवलं पीपीएफवर. आज १४ लाख आहेत, ह्यापुढे त्यात काही भरलंच नाही तरी ७.१% ने २०३४ ला पंचवीसच्या आसपास होतात. व्याजदर सरकार तिमाहीला ठरवतं, तो समजा साडेसहावर आला तरी पावणेचोवीसच्या वर राहतात. म्हणजे मुलाचं शिक्षण आत्ताच, ह्या क्षणी, जमलेलं आहे, फक्त त्या रकमेपुढे त्याचं वर्ष लिहायचं राहिलं होतं. आणि हे डेट तसंही कुलूपबंदच आहे, इक्विटीत नेऊ म्हटलं तरी सगळं नेता येत नाही. मग जे डेट अडकूनच पडलंय त्याला तारीख पक्की असलेलं काम द्यायचं आणि इक्विटीला मोकळं सोडायचं, हे मला एकदम पटलं.

आता वजाबाकी करून बघा. मुलीच्या नावे सुकन्या आणि सहा लाखांच्या एफडी, मुलाच्या नावे पीपीएफ, अडीअडचणीला पाच लाख. उरतं काय, तर दोघांचा पीएफ ३७ लाख आणि फंड २६ लाख, एकूण ६३ लाख, आणि हे सगळं म्हातारपणाचं. त्यात इक्विटी ४१%. "इक्विटी किती" हा प्रश्न खरं म्हणजे फक्त ह्या ६३ लाखांना लागू होतो. बाकी ३४ लाखांचं उत्तर तारखेनेच दिलंय, तिथे इक्विटी शून्य.

शून्य का म्हणते, त्याला कारण आहे. सेन्सेक्स २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर होता आणि २००९ च्या मार्चमधे आठ हजारांवर. नोव्हेंबर २०१० ला परत २१ हजारला जेमतेम टेकला आणि पुन्हा घसरला, ती पातळी खऱ्या अर्थाने मागे पडायला २०१३ ची अखेर उजाडली. जवळपास सहा वर्षं. मुलीकडे अडीच आहेत. कॉलेज काही मार्केट वर यायची वाट बघत सीट धरून ठेवणार नाही.

म्हातारपणाच्या पैशात मला ६०% इक्विटी हवी होती. नवऱ्याला आहे तेवढीच बास. मग आम्ही टक्के सोडून रुपयात बोलायला लागलो आणि तिथे वाद मिटला. आज मार्केट २००८ सारखं ६०% पडलं तर २६ लाखांचे साडेदहा होतील, साडेपंधरा लाख गेले. मी म्हटलं सोसेन. मग पाच वर्षांनंतरचं चित्र काढलं. तेव्हा हा गठ्ठा साधारण १ कोटी ३६ लाख होईल (इक्विटीला १०% आणि पीएफला सध्याचे ८.२५% धरून, दोन्ही गृहीतच आहेत). ६०% इक्विटी म्हणजे ८२ लाख, त्यातले ६०% गेले की ४९ लाख. नवरा काही बोललाच नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला माहितीये माझा पगार किती आहे ते. ४९ लाख कागदावरचे का असेनात, ते जाताना बघून मी एसआयपी चालू ठेवीन का? पन्नाशीच्या तोंडावर, मुलगी कॉलेजला, मुलगा आठवी-नववीत? खरं सांगायचं तर सांगता येत नाही. ५०% ला तोच आकडा चाळीसच्या आसपास येतो. तोही काही कमी नाही, पण तेव्हा पीएफचे ७० लाख शाबूत असतील हे डोळ्यासमोर असतं. म्हणून ५०:५० ठरलं.

ठरवणं सोपं, तिथे पोचणं नाही, कारण पीएफमधून काढून फंडात टाकणं हा काही रस्ता नाही. मग जो नवीन पैसा येतो तो वळवायचा. इथेही नीट बघितलं तर, माझ्या पगारातून आणि कंपनीकडून मिळून पावणेसतरा हजार आणि नवऱ्याचे चार हजार दर महिन्याला आपोआप डेटमधे जातच असतात, आपण काही करो वा न करो. त्याच्या वर मी पीपीएफमधे महिना साडेबारा हजार भरत होते. सवय. ८०सी साठी म्हणून, पण माझा स्वतःचा पीएफ आणि होम लोनची मुद्दल मिळूनच दीड लाखाची मर्यादा कधीची पार होते, आणि नव्या टॅक्स रेजिममधे तर ही वजावटच नाही. तर पीपीएफ आता वर्षाला फक्त पाचशे, खातं चालू राहायला लागतात तेवढे, आणि ते पैसे एसआयपीत. एसआयपी ३० हजार होती, त्यातून दहा आरडीला गेले, बारा पीपीएफमधून आले, झाली ३२. खिशातून जास्तीचा एक रुपया नाही.

एवढं करूनही माझ्या हिशोबाने पाच वर्षांनी इक्विटी ४८-४९% होते. पन्नासला पोचेपर्यंत मी पन्नाशीला टेकलेली असेन. म्हणजे ज्यांचा पीएफ मोठा आहे अशा नोकरदारांनी "इक्विटी जास्त तर होत नाही ना" ह्याची काळजी चाळिशीत तरी कमी करावी. ज्यांना पीएफ नाही, स्वतःचा धंदा आहे, त्यांचं बरोब्बर उलट असेल, त्यांनी माझा आकडा उचलू नये.

मामाशी माझं एका गोष्टीवरून पटलं नाही, होम लोन. त्याचं म्हणणं, लोनला ८.३५% देतेस आणि एफडीवर साडेसहा घेतेस, त्यातही तुझ्या स्लॅबमधे ३०% टॅक्स गेला की साडेचारच हातात, मग एफडी मोडून लोन भर की. गणित शंभर टक्के बरोबर आहे. लोन म्हणजे उलटं डेटच, ते फेडणं म्हणजे बिनजोखमीचे ८.३५% मिळवणं, एवढं देणारी एफडी मला तरी माहीत नाही. पण त्याच मामाने आधी सांगितलं होतं ना, एका रकमेपुढे दोन वर्षं लिहू नको म्हणून? एफडीतला एकेक रुपया आता कुणाच्यातरी नावावर आहे. लोनमधे घातलेले पैसे नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही. तर पुढच्या वर्षीपासूनचा बोनस लोनला, एफडी आहे तिथेच. मामा हसला, म्हणाला वकील व्हायला पाहिजे होतंस.

नवऱ्याला पाठ करायला सांगितलेला नियम असा, वर्षातून एकदा, एप्रिलमधे, पीएफच्या आणि फंडाच्या शिलका घ्यायच्या आणि म्हातारपणाच्या गठ्ठ्यात इक्विटी किती ते बघायचं. ५५ च्या वर गेली तर विकायचं नाही, एसआयपी थांबवून ते पैसे लोनला. विकलं तर वर्षात सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५% टॅक्स जातो, नवीन पैसा वळवायला काहीच जात नाही. खाली घसरली तर? इथे आमची बाजू लंगडी आहे हे मान्य केलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की मार्केट पडलं की डेटमधून काढून इक्विटी घ्या, पण आमचं डेट पीएफमधे आहे, ते तेव्हा हाताशी नसतं. मार्च २०२० ला निफ्टी दोन महिन्यांत साडेबारा हजारांच्या जवळून साडेसातपर्यंत आला तेव्हाही आमच्याकडे एसआयपी चालू ठेवण्यापलीकडे काही नव्हतं. त्यामुळे खालच्या बाजूला नियम एवढाच, एसआयपीला हात लावायचा नाही.

आणि एक भोक आहे ते सांगते. मुलीने उद्या खासगी मेडिकल म्हटलं तर १५ लाख कुठे पुरणार, सगळं कोलमडतं. त्यावर ठरलंय की शैक्षणिक कर्ज काढायचं, ६३ लाखांना हात लावायचा नाही. शिक्षणाला बँक कर्ज देते, म्हातारपणाला कोण देणार? हे मुलीसमोरच बोललो, ती म्हणाली मला मेडिकल नकोच आहे, पण दहावीतल्या मुलांचं काय, बारावीपर्यंत तीनदा बदलेल.

पीपीएफचं शेवटचं एक, कारण बँकेच्या काउंटरवर ह्यात गोंधळ होऊ शकतो. आमचं खातं २०१४-१५ मधलं, १ एप्रिल २०३० ला मॅच्युअर होतं आणि मुलाला पैसे लागणार चार वर्षांनी. तेव्हा मुदत वाढवायचा फॉर्म भरायचा नाही. फॉर्म भरून भरणा चालू ठेवला तर पाच वर्षांच्या त्या टप्प्यात सुरुवातीच्या शिलकेच्या ६०% पर्यंतच काढता येतात. काहीच न भरता नुसतं ठेवलं तर व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते, कॉलेजच्या फीला असंच लागतं. पासबुकच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "२०३०, फॉर्म भरू नये."